दावीददादाला तिसरे पत्र

४ जानेवारी १९४०, गुरुवार
नवापूर

पौलसकाका क्विनाइन न्यायला आले. ते आमच्या गावच्या प्रार्थनाघराचे वडील, आणि गावात वाचता येणारे एकटेच. मी बाटली बांधून देत होते तेव्हा ते सहज म्हणाले, "तलाठ्याने वाहरूची नोंद केली बरं का. आता सर्कलसाहेब तीस तारखेला चावडीवर येऊन शिक्का करतील."

वाहरू म्हणजे माझे वडील. सप्टेंबरात वारले.

मी विचारले, "वारस म्हणून कोणाचे नाव आहे?"

"दावीदचं. आणखी कोणाचं असणार?"

मी बाटलीला बूच लावले, चिठ्ठी डकवली, दिवसातून तीन वेळा म्हणून सांगितले. काका गेल्यावर पाहिले तर चिठ्ठी उलटी डकवली गेली होती. कंपाउंडरची परीक्षा होऊन तीन वर्षे झाली, अशी चूक माझ्या हातून झालेली नाही.

५ जानेवारी, शुक्रवार

दादाला पत्र लिहिले. नक्कल येथे ठेवते.

"दावीद वाहरू यास,
१. बाबांची जमीन सर्व्हे नंबर ४१, क्षेत्र ६ एकर २२ गुंठे, आजोबांपासून आलेली आहे. बाबांनी मृत्युपत्र केले नव्हते. आई आधीच वारली. आपण दोनच मुले.
२. तू तलाठ्याकडे एकट्याचे नाव लावलेस. मी हयात आहे हे तुला माहीत होते. हे लपवणे झाले.
३. भातशेत २ एकर १० गुंठे, माळ ४ एकर १२ गुंठे. माझ्या निम्म्या वाट्याला १ एकर ५ गुंठे भातशेत आणि २ एकर ६ गुंठे माळ येतो. नकाशा जोडला आहे. लाल रेघेच्या पूर्वेचे माझे.
४. बाबा नऊ दिवस आजारी होते. मी नऊ मैलांवर होते. मला निरोप आला तो पुरल्यानंतर आठव्या दिवशी.
याचे उत्तर द्यावे."

चौथा मुद्दा जमिनीच्या पत्रात बसत नाही. तरी ठेवला आहे. घडले तसे लिहिले आहे.

८ जानेवारी, सोमवार

दुपारच्या सुट्टीत कचेरीवर गेले. बाहेर लिंबाखाली दोधूभाऊ अर्ज लिहायला बसतात. तळोद्याकडचे गुजर, साठीचे. बोलणे पक्के अहिराणी, अर्ज मात्र कचेरीच्या मराठीत अस्खलित. माझ्या निरोपावरून त्यांनी कचेरीतल्या कारकुनाकडून फेरफाराची नोंद बघून ठेवली होती. पौलसकाका म्हणाले तेच. वारस एक, मुलगा.

मी पत्र दाखवले. त्यांनी चष्मा वर केला.

"बहीण, हाई चिट्ठी नही, हाई फिर्याद शे. तुन्हा भाऊले वाचता येस का?"

"नाही."

"मंग कोण वाची?"

"पौलसकाका."

"कोठे वाची?"

याचा मी विचार केला नव्हता. पत्र आले की काका रविवारी प्रार्थनेनंतर बाहेरच्या चिंचेखाली वाचतात. ज्याचे पत्र तो पुढे बसतो आणि बाकीचे सगळे मागे. माझी बोर्डिंगमधली पत्रे बाबांनी तशीच ऐकली.

"म्हंजे आख्ख्या गावसमोर तू त्याले चोर म्हणशी," दोधूभाऊ म्हणाले. "आनि मंग त्यानी गावसमोर हा म्हणो? कोणता बाप्या म्हणी?"

मग त्यांनी रीत सांगितली. ती मी जशीच्या तशी लिहून घेतली. तलाठी फेरफाराच्या वहीत नोंद करतो, पण सर्कल ती प्रमाणित करीपर्यंत ती कच्ची असते. त्याआधी मी हरकतीचा लेखी अर्ज दिला तर ती तक्रारींच्या वहीत जाते, दोघांना बोलावणे येते, आणि निकाल वरचा साहेब देतो. हा एक मार्ग. दुसरा असा की तीस तारखेला चावडीवर सर्कल विचारील तेव्हा दादाने स्वतःच जबाब द्यावा, 'मला बहीण आहे, तीही वारस.' मग दोन्ही नावे त्याच दिवशी लागतात. आम्ही ख्रिस्ती असल्यामुळे बापाची जमीन मुलगा-मुलगी सारखी येते, ही गोष्ट सर्कलला माहीत असेलच असे नाही. त्याला सांगावी लागते.

"कायदा तुन्हा बाजूले शे," ते म्हणाले. "गाव नही. पहिला रस्ता कायदाना शे, दुसरा भाऊना. दुसरा चांगला. पन भाऊले चोर म्हनीसन त्या रस्ताले जाता येत नही."

त्यांनी हरकतीचा अर्जही तयार करून दिला. फक्त माझी सही राहिली आहे.

"पोरगी," उठताना त्यांनी विचारले, "तुले जमीन कसाले पाहिजे? तू काय नांगर धरशी?"

मी म्हणाले, नाही. उताऱ्यावर नाव पाहिजे. त्यांनी पुढे विचारले नाही, हे बरे झाले. मी राहते ती खोली दवाखान्याची आहे. नोकरी आहे तोवर खोली आहे. आईबाबांचे गाव मी आठव्या वर्षी सोडले, ते बोर्डिंगमध्ये. त्या गावात मी होते असे कुठल्याही कागदावर लिहिलेले नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

दुसरे पत्र. आकडे घालून मुद्दे पाडले नाहीत. 'यास' काढून 'दावीददादा' लिहिले. 'लपवणे' काढले, तेथे 'तलाठ्याला सांगायचे राहिले असेल' असे घातले. एकट्याचे नाव का लावलेस हा प्रश्न ठेवला, पण 'का' ऐवजी 'कसे' केले.

आजारपणाची ओळ चार वेळा खोडली आणि चार वेळा लिहिली. ऑगस्टमध्ये आमच्याकडे सल्फाच्या नव्या गोळ्या आल्या होत्या. बाबांना छातीचा ताप होता असे मागून कळले. गोळ्या माझ्या हाताखालच्या कपाटात होत्या, चार डझन. हे पत्रात लिहिलेले नाही. वहीत लिहिते, कारण नोंद कुठेतरी असावी.

पत्र पाठवले नाही.

१५ जानेवारी, सोमवार

दिवलीबाई आली. दादाची बायको. हाताला विळा लागला होता, जखम चिघळली होती. डॉक्टरीणबाईंनी साफ केली, मी मलमपट्टी केली. आम्ही दोघी आमच्या बोलीत बोललो. ती बोली लिहायला मला कोणी शिकवले नाही, म्हणून येथे मराठीत लिहिते.

"घट्ट बांध," ती म्हणाली. "तुझा भाऊ म्हणतो, मोगराच्या हातची पट्टी महिनाभर सुटत नाही."

मी म्हणाले, त्याला पट्टी कधी बांधली मी?

"नाही बांधलीस. पण तो सांगतो सगळ्यांना."

मी हात धरूनच विचारले, बाबांच्या वेळी मला का बोलावले नाही. विचारायचे ठरवले नव्हते.

ती पट्टीकडे पाहत म्हणाली, "म्हाताऱ्यानं नको म्हटलं. दावीद बैल जुंपून उभा होता. म्हातारा म्हणाला, ती येईल, तिच्या हातचं औषध घेऊन मी मेलो तर ती ते औषध पुन्हा कोणाला देऊ शकणार नाही. तिला राहू दे. दावीदनं बैल सोडले. मग दोन दिवस जेवला नाही."

मी पट्टीला गाठ मारली. गाठ बरोबर बसली.

"हे तो मला का सांगत नाही?"

"कसं सांगणार? तू आलीस तेव्हा साहेबासारखी उभी होतीस. 'किती दिवस ताप होता, खोकल्यात रक्त होतं का.' तो घाबरला ना बाई तुला."

नंतर नकाशा दाखवला. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण लाल रेघ तिने लगेच ओळखली आणि हसू लागली. भातशेतात एकाखाली एक सात खाचरे आहेत. पाणी वरच्या बांधावरून पहिल्या खाचरात येते, ते भरले की दुसऱ्यात, असे शेवटपर्यंत. माझी रेघ वरून खाली सगळ्या खाचरांना मधोमध कापत गेली होती. "एवढे नवे बांध कोण घालणार? अर्धं पाणी तुझं, अर्धं त्याचं? पाण्याला बोट लावून थांबवशील?"

मी ते शेत सोळा वर्षांत फक्त गाडीतून पाहिले. नकाशा तलाठ्याच्या कागदावरून काढला होता. माप बरोबर होते.

जाताना तिने विचारले, "तुला खरंच वाटा पाहिजे?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मग भांडू नको. भांडलीस तर वाटा मिळेल, पण आम्ही मिळणार नाही." हे तिने धमकी म्हणून म्हटले नाही. पाऊस येईल म्हणतात तसे म्हटले.

१८ जानेवारी, गुरुवार

तिसरे पत्र. रात्री नाही, सकाळी लिहिले, प्रार्थनेच्या आधी. खाडाखोड न करता.

"प्रिय दावीददादा,

वहिनीच्या हाताची जखम भरत आली असेल. पट्टी आठ दिवसांनी बदलायला सांग.

बाबा आजारी असताना मला बोलावलं नाहीस म्हणून मी तुझ्यावर रागावले होते. आता कळलं की बैल जुंपले होते आणि तू ते सोडलेस. मी त्या ठिकाणी असते तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही. माझा राग संपला. तू बाबांना नऊ दिवस पाहिलंस. मी पाहिलं नाही. हे तुझंच कायम राहील.

जमिनीचं लिहिते. मी शेती करणार नाही. वरची चार खाचरं तू ठेव, म्हणजे पाणी तुझ्या हाती राहील. खालची तीन माझ्या नावावर असली तरी तूच पिकव आणि पीक तुझंच. माळावर मी काही मागत नाही. मला एवढंच वाटतं की बाबांच्या जमिनीच्या कागदावर आपण दोघं असावं. तीस तारखेला सर्कलसाहेब विचारतील, तेव्हा तुला योग्य वाटलं तर माझंही नाव सांग.

मी हरकतीचा अर्ज देणार नाही. चावडीवरही येणार नाही. तू सांगशील ते मला मान्य आहे.

तुझी बहीण,
मोगरा"

नकाशा जोडला नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

दोधूभाऊंना दाखवले. त्यांनी दोनदा वाचले आणि चष्मा काढून धोतराने पुसला.

"ग्वाड शे. लई ग्वाड शे." मग म्हणाले, "आते अर्जवरबी सही कर. एक हातमा चिट्ठी, एक हातमा अर्ज. भाऊनी नाव सांगं तर अर्ज फाडी टाकसूत."

मी नाही म्हणाले. पत्रात अर्ज देणार नाही असे लिहिले आहे. ते लिहून अर्ज दिला तर पत्र खोटे ठरते.

"आनि हाई 'योग्य वाटलं तर' कसाले? ते काढ. 'नाव सांग' एवढंच ऱ्हाऊ दे."

मी म्हणाले, हुकूम केला तर ते पुन्हा पहिले पत्र होईल.

"तू शिकेल शे, मी अर्ज लिखनारा," ते म्हणाले. "पन मी चाळीस वरीस लोकंसना कागद लिखी ऱ्हायनू. कागदमा 'तर' टाकं ना, का समोरना माणूस त्या 'तर'मज बसस."

त्यांचे म्हणणे कचेरीच्या कागदाला लागू असेल. हे भावाला आहे.

२१ जानेवारी, रविवार

काल पौलसकाकांबरोबर पत्र पाठवले. आज प्रार्थनेनंतर वाचले गेले असेल. दहाच्या सुमारास मी औषधे मोजत होते. एक मिक्श्चर दोनदा करावे लागले.

२८ जानेवारी, रविवार

उत्तर नाही. काका आले नाहीत. गावचे दोघे तापाचे रोगी आले, त्यांनी मला वेगळ्याच तऱ्हेने नमस्कार केला, दोन्ही हातांनी. एक म्हातारी म्हणाली, "तुझं कागद ऐकलं गं माय." आणि डोळे पुसले. दादा काय म्हणाला, विचारले. ती म्हणाली, "तो काय म्हणणार. रडत होता."

मला वाटते हे चांगले आहे.

३० जानेवारी, मंगळवार

आज चावडी.

गेले नाही. दिवसभर दवाखान्यात होते. नंदुरबारहून औषधांची पेटी आली, ती उघडून यादीशी ताडून पाहिली. सगळे बरोबर.

३ फेब्रुवारी, शनिवार

दादा आला. पहाटे गाडी जुंपून निघाला होता. दवाखान्याच्या फाटकाशी गाडी सोडली आणि पोते पाठीवर घेऊन आत आला. तांदूळ, आमच्या खाचरांतला. मागे पौलसकाका, हातात कोंबडा आणि कापडात बांधलेले काही. हिरवी साडी, चोळीचा खण आणि बांगड्या. नंदुरबारच्या बाजारातून आणलेल्या.

दादाला एवढे हसताना मी लहानपणानंतर पाहिले नव्हते.

"वाचलं गं तुझं," तो म्हणाला. "काकांनी दोनदा वाचलं. फुलसिंग रडला, विचार कर. फुलसिंग!"

फुलसिंग आणि करणसिंग आमच्या शेजारचे भाऊ. वाटणी होऊन सहा वर्षे झाली. बांधावरून एकमेकांची गुरे दगडांनी हाकतात.

मी चहा केला. तो खाली बसला, खुर्चीवर नाही. मी विचारले, चावडीवर काय झाले.

"सर्कलसाहेबांनी विचारलं, आणखी कोणी वारस? मी म्हटलं, बहीण आहे साहेब, शिकलेली आहे, नवापूरच्या दवाखान्यात आहे. ते म्हणाले, तिचं काय म्हणणं? मी तुझा कागद पुढे केला. त्यांनी वाचला. मग विचारलं, तिचं नाव लावायचं?"

"आणि?"

"मी म्हटलं नको."

तो हे सांगताना थांबला नाही. चहाचा घोट घेतला.

"त्या वहीत फुलसिंग-करणसिंगची नावं एकाखाली एक लिहिलेली दाखवली मला तलाठ्यानं. मी म्हटलं, साहेब, असं आमच्यात नाही करायचं. जी भांडतात त्यांची नावं लिहितात. माझी बहीण भांडली नाही. तिनं लिहिलंय, तू सांगशील ते मान्य. मी कसा तिचं नाव भांडणाच्या वहीत घालू? साहेब म्हणाले, बहिणीची लेखी संमती आहे, मग प्रश्न नाही. शिक्का मारला. तुझा कागदही ठेवून घेतला, त्याच्यावर नंबर घातला."

मी म्हणाले, "दादा, मी नाव मागितलं होतं."

त्याने कप खाली ठेवला. मग हळू म्हणाला, "योग्य वाटलं तर, असं होतं ना?"

पौलसकाका खाली पाहत होते. त्यांना समजले होते, मला वाटते. रविवारी वाचतानाच समजले असावे.

"मला योग्य वाटलं नाही," दादा म्हणाला. "मी तीन रात्री विचार केला. वाटा देऊन टाकला की बहीण शेजारीण होते. मग सणाला कोण बोलावणार? तांदूळ कोण आणणार? मला शेजारीण नको. दर वर्षी पोतं आणीन मी. माझ्यानंतर माझी मुलं आणतील. तू कधीही ये. घर तुझंच आहे."

मी त्याला सांगू शकत होते की घर माझे आहे असे आता कोठेही लिहिलेले नाही. पण त्याच्या लेखी ते चावडीवर, सर्कलसमोर, सगळ्या गावासमोर सांगितले गेले होते. तो ते देऊन आला होता.

साडी त्याने स्वतः माझ्या हातावर ठेवली. साडी घेतली की बहिणीने हक्क सोडला असे गाव मानते. हे त्याला माहीत असणार, आणि तो याला फसवणूक समजत नाही. मी हात मागे घेतला असता तर काय झाले असते, याचा विचार मी साडी घेतल्यानंतर केला.

त्याने विचारले, "बरी आहे ना?"

मी म्हणाले, रंग चांगला आहे.

५ फेब्रुवारी, सोमवार

दोधूभाऊ म्हणतात वर प्रांतसाहेबांकडे अपील करता येते, मुदत आहे. दिवाणी कोर्टही आहे. उताऱ्यावर नाव नसले म्हणून कायद्याचा हक्क जात नाही, असेही ते म्हणाले. पण माझे पत्र आता फेरफाराच्या कागदांत आहे, माझ्या सहीचे. अपिलात मला लिहावे लागेल की भावाने मला डावलले. त्यावर ते पत्र काढून दाखवतील.

"म्हना, भाऊनी फसाडं," दोधूभाऊ म्हणाले. "येखांदा वकील बरोबर बसाडी दी."

"त्याने फसवले नाही."

"मंग कोणी फसाडं?"

त्यांनी माझा जुना अर्ज परत घेतला नाही, मीही दिला नाही. ते दुसऱ्याच्या अर्जाकडे वळले. कोणा बाईच्या नवऱ्याने म्हैस विकली होती.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

तिन्ही पत्रे पुढे ठेवून वाचली. तिसऱ्याची नक्कल आहे. पहिले पत्र कोरडे आहे, पण त्यात एकही 'तर' नाही. ते पाठवले असते तर दादा चिडला असता, अर्ज तक्रारींच्या वहीत गेला असता, आणि माझे नाव त्याच्याखाली लिहिले गेले असते. फुलसिंगच्या खाली करणसिंग, तसे.

तिसऱ्या पत्रात मी जे लिहिले ते खरे होते. हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. एकही ओळ खोटी नाही. दादाने जे केले त्यातलीही एकही गोष्ट खोटी नाही. मग चूक कोठे झाली ते मला सापडत नाही, आणि सापडले तरी दुरुस्त करता येणार नाही. औषध चुकले तर बाटली ओतून देता येते.

११ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एप्रिलपासून सुरतेहून नवे कंपाउंडर येत आहेत, सहकुटुंब. खोली त्यांना लागेल. माझी व्यवस्था नर्सांच्या मोठ्या खोलीत होईल, खाट मिळेल. मी बरे म्हणाले.

१४ फेब्रुवारी, बुधवार

पौलसकाका क्विनाइनसाठी आले. दादाने निरोप दिला होता: तांदूळ कसा झाला ते कागदावर लिहून पाठव, रविवारी वाचायला.

मी कागद घेतला. 'प्रिय दावीददादा' लिहिले. काका बाकावर बसून होते, घाई करत नव्हते.

मग लिहिले, "तांदूळ चांगला शिजतो. माझी काळजी करू नकोस."

काकांनी तेथेच वाचले. "आणखी काही नाही?" त्यांनी विचारले. "एवढ्यावर गाव घरी जायचं नाही. थांबून राहतील."

मी म्हणाले, एवढेच.

त्यांनी कागद घडी करून बायबलात ठेवला. बाटली घेतली, चिठ्ठी वाचून पाहिली, आणि गेले.